सिंकमधलं पाण्याचं कडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळाखाली पाण्याची जी गोल चकती दिसते, ती नेमकी काय असते?

रिकाम्या, कोरड्या सिंकमध्ये नळ सोडा आणि धार जिथे आपटते तिकडे वरून पाहा. धारेभोवती काचेसारखी गुळगुळीत, पातळ चकती दिसेल. तिच्या कडेला पाणी एकदम उंच होतं आणि उंबरठा चढल्यासारखं बाहेर जातं. त्या उंबरठ्याला मी कडं म्हणतो. जलशास्त्रात त्याचं नाव हायड्रॉलिक जंप, मराठीत पाण्याची उसळी.

चकतीतल्या पाण्याची जाडी पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास असते, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. कड्याबाहेर तेच पाणी तीनेक मिलिमीटर खोल होतं. पाणी तेवढंच आहे, कुठून नवीन आलेलं नाही. आत ते पातळ आणि वेगवान होतं, बाहेर जाड आणि संथ झालं, इतकंच. खरा प्रश्न असा की हा बदल हळूहळू न होता बोटभर जागेत का उरकतो, आणि नेमका त्याच ठिकाणी का होतो.

बदल हळूहळू का होत नाही?

तळ्यात खडा टाकला की लाट पसरते. ती लाट एका अर्थाने निरोप असते, पाण्याच्या एका भागाने दुसऱ्याला दिलेला. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग खोलीवर ठरतो. पाणी जितकं उथळ तितकी लाट हळू. पाऊण सेंटिमीटर पाण्यात ती सेकंदाला २७ सेंटिमीटर जाते, आणि चकतीतल्या पातळ थरात जेमतेम ६ सेंटिमीटर.

चकतीतलं पाणी मात्र सेकंदाला ६ सेंटिमीटरपेक्षा कितीतरी जोरात बाहेर धावत असतं. म्हणजे बाहेर काय आहे, पाणी साचलंय की मोकळी वाट आहे, याचा निरोप घेऊन येणारी लांब लाट आत शिरूच शकत नाही. प्रवाह तिला उलट बाहेर ढकलतो. त्यामुळे आतलं पाणी पुढचं काही ठाऊक नसल्यासारखं धावतं. बाहेरच्या खोल पाण्यात परिस्थिती उलटी असते. तिथे लाट वेगवान आणि प्रवाह मंद असल्यामुळे निरोप दोन्ही दिशांना फिरतो.

या दोन प्रदेशांना जोडणारा सौम्य उतार टिकत नाही. बाहेरच्या लाटा आत यायला बघतात, पण एका ठिकाणी त्यांना पुढे सरकता येत नाही. तिथेच त्या एकावर एक चढतात आणि पायरी उभी राहते.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर चकतीत सुई किंवा पेन्सिलचं टोक बुडवा. टोकामागे इंग्रजी व्ही अक्षरासारखा चिंचोळा फाटा पडतो, बोटीमागे पडतो तसा. टोक हळूहळू कड्याकडे सरकवत न्या, फाट्याचा कोन उघडत जातो. २०११ मध्ये सिलिकोन तेल वापरून हेच काळजीपूर्वक मोजलं गेलं. कड्यापाशी फाटा पूर्ण उघडतो, म्हणजे प्रवाहाचा आणि लाटेचा वेग तिथे सारखा होतो. भौतिकशास्त्रज्ञ त्याला ‘श्वेतविवरा’ची नक्कल म्हणतात, कारण बाहेरून आत काहीच शिरू शकत नाही. ते साम्य गणिताचं आहे. सिंकमध्ये आकाशातलं काही घडत नाही.

कडं केवढं होणार हे आधी सांगता येतं का?

बऱ्यापैकी. आमच्या घरचंच उदाहरण घेतो. पुण्यातली जानेवारीची सकाळ, टाकीतलं पाणी २० अंश. नळाखाली एक लिटरचा मग धरला, तो २० सेकंदांत भरला. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० मिलिलिटर. नळाच्या तोंडाचा व्यास १२ मिलिमीटर, आणि तोंडापासून खाली सिंकमध्ये सपाट ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यापर्यंत अंतर २० सेंटिमीटर.

नळातून पाणी निघतं सेकंदाला ४४ सेंटिमीटरने. २० सेंटिमीटर पडताना त्याचा वेग सेकंदाला दोन मीटर होतो, म्हणून धारही खाली बारीक होत जाते. फरशीवर आपटताना तिचा व्यास साडेपाच मिलिमीटरच्या जवळ असतो. नळाखालची धार मधे निमुळती दिसते ती याचमुळे.

आता पाणी चहूकडे पसरतं. सुरुवातीला वेग तोच, दोन मीटर. पण फरशीला टेकलेला पाण्याचा थर फरशीला धरून बसतो, तो त्याच्या वरच्याला मागे ओढतो, तो त्याच्याही वरच्याला. ही ओढ तळातून वर चढत जाते. आमच्या धारेसाठी ती मध्यापासून सव्वादोन सेंटिमीटरवर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचते. तिथून पुढे संपूर्ण थरच घर्षणाच्या तावडीत असतो. वेग भराभर पडतो आणि पसरत असूनही थर जाड व्हायला लागतो. चकतीत बाहेरच्या बाजूला जाडी वाढते हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

हा हिशोब १९६४ मध्ये वॉटसन या गणितज्ञाने मांडला. त्याच्या सूत्रात आमचे आकडे घातले तर मध्यापासून ५ सेंटिमीटरवर थर ०.३० मिलिमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला ५३ सेंटिमीटर येतो. ६ सेंटिमीटरवर ०.३६ मिलिमीटर आणि ३६ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरच्या प्रवासात तिसरा हिस्सा वेग गेला.

पाण्याला अडवणारं बाहेर कोणी नसतं, तर हा थर आणखी मंदावत मंदावत १० सेंटिमीटरवर पोचला असता आणि तिथे त्याचा वेग लांब लाटेच्या वेगाएवढा झाला असता. पण बाहेर तीन मिलिमीटर खोल पाणी साचलेलं आहे आणि ते आत दाबतंय. आतल्या पातळ पाण्याचा रेटा आणि बाहेरच्या जाड पाण्याचा दाब जिथे सारखे होतात तिथे कडं थांबतं. रेटा काढताना वेगाचा वर्ग गुणिले जाडी, दाब काढताना खोलीचा वर्ग. आमच्या आकड्यांत तो समतोल ६ सेंटिमीटरवर बसतो. पट्टीने मोजलं तर कड्याचा व्यास ११.५ सेंटिमीटर भरला, म्हणजे त्रिज्या पावणेसहा. कागदावरचा हिशोब आणि ओट्यावरचं पाणी इतकं जवळ आलेलं पाहून मला फार आनंद झाला होता, अजून होतो.

घरी मोजायचं असेल तर काय काळजी घ्यावी?

सिंकचा तळ सपाट नसतो. पाणी निघून जावं म्हणून तो जाळीकडे उतरता केलेला असतो, शिवाय पातळ पत्र्याचा तळ मध्ये दबतो. म्हणून सिंकमध्ये एक फूट बाय एक फूट अशी गुळगुळीत फरशी चार उपड्या वाट्यांवर टेकवून ठेवा आणि पाणसळ लावून समतल करा. आम्ही घराच्या कामातून उरलेली व्हिट्रिफाइड फरशी वापरली, चकचकीत बाजू वर. गवंड्याकडची पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हल चालतं, फक्त फोन पाण्यापासून जपा. उपडं ताट किंवा परात मात्र घेऊ नका. त्यांच्या तळाला जो किंचित फुगवटा असतो तो सगळा हिशोब बिघडवतो.

नळाच्या तोंडाला फेस आणणारी जाळी असेल तर ती काढा. ती पाण्यात हवा मिसळते आणि धार दुधाळ होते. हवी ती काचेच्या कांडीसारखी धार. पूर्ण नळ सोडला तरी धार खडबडीत होते आणि चकतीवर फेरफटका मारणारे ओरखडे दिसतात, अशा वेळी कडं सतत नाचतं. नळ कमी करा, धार शांत झाली की कडंही स्थिरावतं.

व्यास एका दिशेने मोजून थांबू नका. निदान तीन दिशांनी मोजा. तिन्ही आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर फरशी कललेली आहे. कल कुठे आहे तेही कळतं, कारण कडं उताराच्या बाजूला लांब जातं. आणि प्रवाह मगाने मोजताना एकदाच मोजू नका. इमारतीच्या टाकीत पंप सुरू झाला किंवा शेजारी कोणी बादली लावली की दाब बदलतो. मोजणीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मग भरून बघायचा. दोन्ही वेळा सेकंद जुळले तरच तो आकडा धरायचा.

बाहेरच्या पाण्याची खोली वाढवली तर?

माझ्या मते सगळ्यात समाधान देणारा प्रयोग हाच, आणि लोक तो क्वचितच करतात. मळलेल्या कणकेची बारीक वात करा आणि फरशीच्या चारही कडांना लावा. पाणी आता वातीवरून सांडेल, त्यामुळे फरशीवर थोडं जास्त साचेल. वात अशी दाबत न्या की बाहेरची खोली तीनवरून चार मिलिमीटर होईल. स्टीलची पट्टी उभी धरून बघता येतं.

वरच्या हिशोबानुसार चार मिलिमीटर पाण्याचा दाब तीनच्या पावणेदोनपट होतो, कारण खोलीचा वर्ग येतो. तेवढा रेटा आतल्या थरात ५ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे बाहेर एक मिलिमीटर वाढवलं की कडं एक सेंटिमीटर आत आलं पाहिजे. आमच्याकडे ते जवळपास तेवढंच आलं. वात अजून उंच केली की कडं आकसत आकसत धारेला चिकटतं आणि मग बुडून जातं. चकती नाहीशी होते, नुसती बुडबुड उरते. सिंकच्या जाळीत भाताची शितं अडकून पाणी तुंबायला लागलं की हेच घडताना दिसतं. जाळी तुंबल्याचं पहिलं लक्षण म्हणजे छोटी होत जाणारी चकती.

नळ उंच केला तर चकती मोठी होईल ना?

होईल, पण वाटते तेवढी नाही. धार दुप्पट उंचीवरून पडली तर ती जास्त वेगाने आपटते, मात्र तो वेग थर आणखी पातळ करतो आणि पातळ थराला घर्षण आधी गाठतं. कड्यापर्यंत पोचेपर्यंत पाणी आपण किती उंचावरून पडलो हे बहुतेक विसरलेलं असतं. कड्याचा आकार ठरवणारी मोठी गोष्ट म्हणजे दर सेकंदाला किती पाणी येतंय ती.

किती ऊर्जा वाटेत गेली तेही बघा. नळातून निघतानाचा वेग धरला तर आपटताना पाण्याचा वेग २१ सेंटिमीटर उंचीवरून पडल्याएवढा होता. कड्यापाशी पोचताना त्यातला सेंटिमीटरभर उरलेला असतो. बाकीचे २० सेंटिमीटर त्या कागदी थरातल्या घर्षणाने गिळलेले असतात. उसळीत जे नष्ट होतं ते त्या उरलेल्या चिमटीतलंच.

हे गुरुत्वाकर्षणामुळे होतं की पृष्ठताणामुळे? दोन्ही वाचायला मिळतं.

दोन्ही वाचायला मिळतं, कारण या प्रश्नावर गेली काही वर्षं खरोखरच वाद चालू आहे.

जुनी मांडणी गुरुत्वाकर्षणाची. इटलीत बिदोने याने १८२० च्या सुमारास कालव्यातल्या उसळीचा अभ्यास केला. १९१४ मध्ये लॉर्ड रेले यांनी तोच विचार गोल उसळीला लावला, पण घर्षण सोडून. घर्षण वॉटसनने आणलं. १९९३ मध्ये डेन्मार्कमधल्या बोर, दिमॉन आणि पुत्कारात्झे यांनी त्यातून साधा नियम काढला, की कड्याची त्रिज्या प्रवाहाच्या ५/८ घाताप्रमाणे वाढते. मी वर केलेला हिशोब याच घराण्यातला आहे.

२०१८ मध्ये केंब्रिजचे राजेश भगत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या पण धाडसी प्रयोगाने याला आव्हान दिलं. त्यांनी धार आडव्या पृष्ठभागावर सोडली, उभ्या भिंतीवर सोडली आणि खालून वर छतावरही सोडली. तिन्हीकडे पाणी आपटल्यावर लगेच जे कडं उमटलं ते जवळपास एकाच मापाचं होतं. गुरुत्वाकर्षण कड्याचा धनी असतं तर छतावर ते उलट्या दिशेने ओढत असताना कडं तसंच राहायला नको होतं. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्या पातळ थरात राज्य पृष्ठताणाचं असतं, आणि त्रिज्या प्रवाहाच्या ३/४ घाताप्रमाणे वाढते.

हे पटण्यासारखं का आहे ते आमच्याच आकड्यांत दिसतं. मी आधी ज्या लाटेचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर सांगितला ती लांब लाट, गुरुत्वाची. पण पृष्ठताणावर चालणारे बारीक तरंगही असतात, पाण्यावर फुंकर घातल्यावर उमटतात तसे. ०.३६ मिलिमीटरच्या थरात, थराच्या जाडीच्या मानाचे बारीक तरंग सेकंदाला ४५ सेंटिमीटरच्या घरात धावतात. पाणी तिथे ३६ ने चाललंय. आणि ५ सेंटिमीटरवर पाणी ५३ ने, तरंग ४९ ने. म्हणजे पाणी आणि बारीक तरंग यांची बरोबरी मध्यापासून सव्वापाच सेंटिमीटरच्या आसपास होते, कड्याच्या अगदी शेजारी. वाद शेवटी असा आहे, की जो निरोप कड्याच्या आत शिरू शकत नाही तो नेमका कोणत्या लाटेचा.

२०१९ मध्ये दुशेन, आंदरसन आणि बोर यांनी उत्तर दिलं, की भगत यांच्या ऊर्जेच्या जमाखर्चात पृष्ठभागाची ऊर्जा धरताना चूक झाली आहे. स्थिर प्रवाहात तो हिस्सा दुसऱ्या बाजूच्या कामाने फिटतो आणि फक्त पृष्ठभागाच्या वक्रतेपुरता उरतो, असं त्यांचं म्हणणं. चर्चा पुढेही सुरूच राहिली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू थोड्या वेगवेगळ्या कड्यांबद्दल बोलतायत. कोरड्या पृष्ठभागावर धार पडते आणि पहिल्या क्षणी कडं उमटतं, त्या वेळी बाहेर साचलेलं पाणीच नसतं. तिथे पृष्ठताणाची बाजू मला भक्कम वाटते, भिंत आणि छताचा प्रयोग झटकून टाकता येत नाही. पण फरशी भरली, पाणी कडेवरून सांडायला लागलं, की कणकेची वात कडं हलवते. ती वात फक्त खोली वाढवते आणि खोलीचा दाब गुरुत्वाचाच असतो.

मग घरी नळ कमीजास्त करून निकाल लावता येईल का?

मी प्रयत्न केला. प्रवाह निम्मा केला, मग भरायला ४० सेकंद. ३/४ घात खरा असेल तर कडं पावणेसहावरून साडेतीन सेंटिमीटरच्या किंचित खाली यायला हवं, ५/८ खरा असेल तर पावणेचारवर. फरक तीनेक मिलिमीटरचा. आणि कडं स्वतः दोन-तीन मिलिमीटर हलत असतं, त्याची पायरीही काही मिलिमीटर रुंद असते, नेमकी कुठून मोजायची हाच प्रश्न. मला कधी साडेतीन मिळालं, कधी पावणेचार. शिवाय प्रवाह निम्मा केल्यावर बाहेरची खोलीही थोडी उतरते, म्हणजे एकच गोष्ट बदलली असंही म्हणता येत नाही.

पूर्ण प्रवाहालाही दोन्ही नियम जवळपास सारखंच सांगतात. आमच्या ५० मिलिलिटरला पृष्ठताणाचं सूत्र ५.७ सेंटिमीटर देतं, गुरुत्वाचं ६.३. मोजलेलं ५.८. एवढ्यावरून एकाच्या गळ्यात माळ घालणं चुकीचं होईल. स्वयंपाकघरातल्या नळाचे आकडेच नेमके अशा पट्ट्यात पडतात जिथे दोन्ही उत्तरं शेजारी येतात. वाद इतका रेंगाळला त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

गरम पाण्याने किंवा साबणाने कडं बदलतं का?

गरम पाण्याने नक्की बदलतं. पाणी २० अंशांवरून ६० वर नेलं की त्याचा चिकटपणा निम्म्याहून कमी होतो, घर्षण उशिरा गाठतं आणि चकती मोठी होते, पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याने. गीझरचं पाणी येताना ही वाढ उघड्या डोळ्यांना दिसते. प्रवाह तोच आहे ना ते मात्र मगाने तपासा, कारण गीझरच्या वाटेने येणाऱ्या पाण्याचा दाब बहुतेक वेळा वेगळा असतो.

साबणाचं अवघड आहे. भांडी घासायचं लिक्विड सिंकमध्ये टाकून उपयोग नाही, ते धारेत असायला हवं. तेही केलंत तरी चकतीतलं पाणी धारेपासून कड्यापर्यंत सेकंदाच्या छोट्याशा अंशात पोचतं. साबणाच्या कणांना नव्या पृष्ठभागावर येऊन बसायला एवढा वेळ पुरेलच असं नाही. म्हणून प्रयोगशाळेत पाण्यात प्रोपेनॉलसारखा अल्कोहोल मिसळून पृष्ठताण कमी करतात.

कडं गोलच का? कोन पडलेलं कधी दिसतं का?

पाण्यात सहसा नाही. पण १९९८ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी पाण्याऐवजी इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते, वापरलं. बाहेरची खोली कड लावून वाढवली, तेव्हा कड्याला चक्क सरळ बाजू आणि कोपरे पडले. पंचकोन, षटकोन, आणि ते स्थिर राहिले. ग्लायकॉल विषारी असतं, जेवणाच्या भांड्यांच्या सिंकमध्ये ते आणू नका.

धरणाच्या सांडव्याखाली जी उसळी म्हणतात ती हीच का?

तत्त्व तेच, कामं वेगळी. सांडव्यावरून उतरलेलं पाणी एवढ्या वेगात असतं की तसंच सोडलं तर नदीचा तळ खणून काढेल. म्हणून पायथ्याशी कुंड बांधून त्यात मुद्दाम उसळी घडवतात. पाणी तिथे घुसळलं जातं, फेसाळतं आणि ऊर्जा खर्चून शांतपणे पुढे जातं. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या, १९१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशा सांडव्यांची लहान प्रतिरूपं बांधून पाणी सोडून बघतात.

फरक असा की तिथे थर काही मीटर जाड असतो. तळाच्या घर्षणाला त्याला गाठायला वेळच मिळत नाही, आणि पृष्ठताण तर हिशोबातही नसतो. ऊर्जा खायचं काम जवळपास पूर्ण उसळीलाच करावं लागतं. सिंकमध्ये ते काम घर्षण आधीच उरकून ठेवतं. म्हणून सिंकमधलं कडं इतकं नितळ आणि शांत, तर धरणाखालचं पांढरंफेक आणि गर्जणारं.

दुसऱ्या टोकालाही उसळी सापडते. २००७ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या गटाने वितळलेल्या धातूच्या अतिसूक्ष्म थेंबांमधून बनलेल्या वाट्यांचा अभ्यास केला. त्यांची कडा उसळीने तयार झाली होती, आणि तेवढ्या लहान मापात गुरुत्वाकर्षणाचा काही संबंध उरत नाही. २०१८ च्या वादाच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट.

चहाचा चोथा कड्याच्या रेषेतच का अडकून बसतो?

हा प्रश्न माझ्या आईने विचारला होता, आणि मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. चहा गाळून गाळणं सिंकमध्ये आपटलं की चोथ्याचे कण पसरतात. वर नळ सोडला की चकतीतले कण क्षणात बाहेर फेकले जातात, पण कड्याबाहेरचे कण वाहून जायच्या ऐवजी हळूहळू आत सरकतात आणि कड्याच्या पायाशी गोल रांगेत बसतात.

कड्यात वरचं पाणी बाहेर जातं, पण तळाशी लागून असलेला थर आधीच घर्षणाने थकलेला असतो. समोर खोल पाण्याचा दाब आला की तो तळ सोडून वर उचलला जातो. त्याच्या पुढे, तळाला लागून, एक चपटा भोवरा फिरत राहतो, आणि त्यात तळाचं पाणी उलटं, आत वाहतं. चोथा जड असल्यामुळे तळाशी असतो, तो या उलट्या वाऱ्यावर आत येतो. चकतीच्या कडेला त्याला बाहेर ढकलणारं पाणी भेटतं. दोन्हीकडून ढकलला गेल्यावर तो तिथेच राहतो.

भांडं विसळताना हे लक्षात घेतलं तर पाणी वाचतं. चकतीच्या आत पाणी तळाला जोरात घासत जातं, बाहेर जवळपास नाहीच. ताट एका जागी धरून नळ मोठा करण्यापेक्षा नळ बेताचा ठेवून ताट फिरवायचं, म्हणजे चकती ताटभर फिरते. आई आता चोथ्याची रांग मोडायला बोटाने कड्याबाहेर एक फट पाडते. तिथून भोवरा तुटतो आणि चोथा आपोआप जाळीकडे निघतो.